17.6 टक्क्यांचा करार

1919 साली अमेरिकेत तयार होणाऱ्या दर दहा मोटारींपैकी नऊ उघड्या असत. वर कापडी छत, पाऊस आला की बाजूंना लावायचे पडदे, आणि थंडीत चालवायची वेळ आली तर अंगावर जाडजूड कोट. दारं-काचांची बंदिस्त गाडी म्हणजे श्रीमंतांची चैन. ती बनवणं हे मुळात घोडागाडीच्या कारागिरांचं काम होतं. लाकडाचा सांगाडा उभा करायचा, त्यावर पत्रा ठोकायचा, मग रंगाचे हात द्यायचे आणि प्रत्येक हात वाळेपर्यंत वाट बघायची.

या कामात डेट्रॉइटच्या फिशर बंधूंचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरात घोडागाड्या बनवण्याचा धंदा, भाऊ सात. त्यांतल्या फ्रेड आणि चार्ल्स या दोघांनी 1908 मध्ये काकाला बरोबर घेऊन ‘फिशर बॉडी’ काढली. दोन वर्षांतच कॅडिलॅककडून 150 बंदिस्त बॉड्यांची ऑर्डर आली. तेवढी मोठी ऑर्डर तोवर कुणी दिली नव्हती. बाकीचे भाऊ एकेक करून धंद्यात उतरले, आणि दहा वर्षांत फिशर बॉडी देशातली सर्वांत मोठी बॉडी बनवणारी कंपनी झाली. फोर्डपासून जनरल मोटर्सपर्यंत सगळे तिचे गिऱ्हाईक होते.

1919 मध्ये जनरल मोटर्सने या कंपनीशी करार केला. पुढे अर्थशास्त्रात ज्याच्यावर सर्वांत जास्त कीस पाडला गेला, अशा करारांत तो मोडतो. ‘कंपनी’ नावाची गोष्ट मुळात अस्तित्वात का आहे, या प्रश्नाचं उत्तर म्हणून पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांना हा करार सांगितला गेला. आणि ज्याने तो प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला, त्यानेच म्हातारपणी उठून सांगितलं की तुम्ही सांगता ती गोष्ट अशी घडलेलीच नाही.

आधी करार पाहू. जनरल मोटर्सने फिशरचे 3 लाख नवे शेअर 92 डॉलर भावाने घेतले, म्हणजे 2 कोटी 76 लाख डॉलर मोजून कंपनीचा 60 टक्के हिस्सा मिळवला. पण मालकी मिळाली तरी लगाम हाती आला नाही. मतांचा अधिकार पाच वर्षांसाठी विश्वस्तांकडे सोपवला गेला, त्यांत दोन्ही बाजूंची माणसं समसमान. कारभार भावांच्याच हाती राहिला. सोबत दहा वर्षांचा खरेदीचा करार झाला. जनरल मोटर्सने आपल्या जवळजवळ सगळ्या बंदिस्त बॉड्या फिशरकडूनच घ्यायच्या, आणि दर बॉडीला खर्च अधिक 17.6 टक्के एवढी किंमत द्यायची. खर्चात गुंतवलेल्या भांडवलावरचं व्याज धरायचं नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाला तशाच बॉडीसाठी जो भाव लावला जातो, त्याहून जास्त भाव लावायचा नाही. भांडण झालंच तर लवाद.

यातलं एकही कलम उगाच आलेलं नाही. एका मॉडेलच्या दाराचा पत्रा दाबायची डाय दुसऱ्या गाडीच्या दाराला चालत नाही. फिशरने जनरल मोटर्ससाठी डाय केल्या, शेड बांधली, माणसं नेमली, आणि उद्या जनरल मोटर्स म्हणाली, ‘भाव उतरवा, नाहीतर दुसरीकडे जातो’, तर त्या डायचं मोल भंगाराइतकंच. म्हणून ‘आमच्याकडूनच घ्या’ हे कलम. पण ते लिहून दिलं की गळफास उलटा बसतो. दुसरीकडे जायची सोय नसलेल्या गिऱ्हाइकाला फिशर वाटेल तो भाव लावू शकते. म्हणून भावाचं सूत्र. एकेक भोक बुजवायला एकेक कलम, असा तो कागद तयार झाला होता.

मग जग बदललं. रस्ते सुधारले, बंदिस्त गाड्या स्वस्त झाल्या, आणि लोकांनी उघड्या गाडीकडे पाठ फिरवली. 1919 मध्ये दहा टक्के असलेला बंदिस्त गाड्यांचा वाटा 1927 पर्यंत 85 टक्क्यांच्या घरात गेला. थोड्या, महागड्या, हातकामाच्या बॉड्या डोळ्यांसमोर ठेवून बेतलेलं सूत्र आता लाखांच्या उत्पादनाला लागू झालं.

ते कुठे टोचू शकतं, हे एका मानीव हिशेबात दिसेल. समजा, हातकामाने एका बॉडीला 300 डॉलर खर्च येतो. जनरल मोटर्सने द्यायचे 352.80, त्यांत फिशरचे 52.80. आता फिशरने मोठं यंत्र बसवलं आणि खर्च 260 वर आणला. जनरल मोटर्सला बॉडी 305.76 ला पडेल, म्हणजे 47 डॉलर वाचले. फिशरच्या हातात मात्र 45.76 च येतील. शिवाय यंत्रासाठी काढलेल्या पैशांचं व्याज खर्चात धरता येत नाही, ते पदरचं. काटकसर केली की नफा घटतो आणि उधळपट्टी केली की वाढतो, असं हे सूत्र. ‘इतरांपेक्षा जास्त भाव नाही’ हे कलम त्याला थोडा आळा घालतं, पण तशीच बॉडी घेणारा दुसरा मोठा गिऱ्हाईक असेल तरच.

30 जून 1926 रोजी जनरल मोटर्सने उरलेला 40 टक्के हिस्साही घेतला. फिशर बॉडी हा जनरल मोटर्सचा एक विभाग झाला. दहा वर्षांचा करार सात वर्षांतच मिटला.

आता पाच वर्षं पुढे आणि अटलांटिकच्या पलीकडे जाऊ. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रोनाल्ड कोस नावाचा विद्यार्थी होता. 1910 चा जन्म, वडील पोस्टात तारयंत्रावर कामाला. लहानपणी पायांना लोखंडी आधार लावावा लागे, म्हणून शाळाही अपंग मुलांची. पदवीच्या शेवटी शेवटी त्याला आर्नल्ड प्लँट हे शिक्षक लाभले. ते सांगत, की अर्थव्यवस्थेला वरून हुकूम सोडणाऱ्या कुणाची गरज नसते. किमतींच्या इशाऱ्यावर सगळं आपोआप जुळून येतं. कोसला ते पटलं, पण एक खडा दातात अडकला. किमती जर सगळं जुळवतात, तर कारखान्यात मॅनेजर कशाला? एका खात्यातला मजूर दुसऱ्या खात्यात जातो तो तिथला भाव वाढला म्हणून नव्हे, साहेबाने सांगितलं म्हणून. त्या काळी रशियात अख्खा देश एका कारखान्यासारखा चालवायची भाषा सुरू होती आणि पश्चिमेचे अर्थशास्त्री ते अशक्य म्हणत होते. पण फोर्ड आणि जनरल मोटर्स हे तरी दुसरं काय होतं?

प्रवासी शिष्यवृत्ती मिळाली आणि 1931 मध्ये कोस अमेरिकेला गेला. तेव्हा तो स्वतःला समाजवादी म्हणवत असे. महामंदीचे दिवस होते. वर्गात बसण्यापेक्षा कारखान्यांत जाऊन तिथल्या माणसांना विचारायचं, हा त्याचा खाक्या. हा भाग तुम्ही स्वतः बनवता, तो बाहेरून घेता, असं का? टेलिफोन डिरेक्टरीतली धंद्यांची पानंही तो चाळत बसे. एकेका बारीक कामात पारंगत असलेल्या छोट्या-छोट्या कंपन्यांच्या त्या याद्या त्याला थक्क करत. बाजार इतकी बारीक वाटणी करू शकतो, तर मग सगळंच बाजारावर का सोपवत नाहीत?

त्याला सापडलेलं उत्तर ऐकायला साधं आहे, आणि कदाचित म्हणूनच पुढची तीस-चाळीस वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. बाजार फुकट नसतो. योग्य भाव कोणता हे शोधावं लागतं, माणूस शोधावा लागतो, घासाघीस करावी लागते, कागद करावा लागतो, माल ठरल्यासारखा आला का हे तपासावं लागतं. दर कामासाठी, दर दिवशी हे करायचं तर धंदा राहतो बाजूला. त्याऐवजी एकदाच एक सैलसर करार करायचा: इतका पगार मिळेल, आणि ठराविक मर्यादेत मी सांगेन ते काम करायचं. उद्या नेमकं कोणतं काम निघेल हे आज दोघांनाही माहीत नाही, म्हणून ते लिहायचंच नाही. ती जागा मोकळी सोडायची आणि भरायचा हक्क एकाला द्यायचा. जिथे हे स्वस्त पडतं तिथे कंपनी तयार होते. मग सगळ्या जगाची मिळून एकच कंपनी का होत नाही? कारण हुकूमही फुकट नसतो. पसारा वाढला की वरच्याला खालचं दिसेनासं होतं, चुका वाढतात. एक जादा काम आत घेऊन सांभाळायला जेवढा खर्च येतो तेवढ्यातच ते बाहेरून होत असेल, तिथे कंपनीची कड लागते.

1932 च्या ऑक्टोबरात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, स्कॉटलंडमधल्या डंडी इथे त्याने हे व्याख्यानात मांडलं. लेख छापून आला पाच वर्षांनी, नोव्हेंबर 1937 मध्ये. त्याच कामासाठी नोबेल मिळालं तेव्हा 1991 साल उजाडलं होतं.

त्या अमेरिका दौऱ्यात फिशर-जनरल मोटर्स प्रकरण कोसच्या कानावर आलंच होतं. एकमेकांसाठीच केलेली महागडी यंत्रं, त्यांतून होणारी अडवणूक आणि ती टाळण्यासाठी विलीनीकरण, हे कारण त्याने तेव्हाच तपासलं होतं. मग तो मिलवॉकीला ए. ओ. स्मिथ या कंपनीत गेला. ही कंपनी मोटारींच्या पोलादी चासी बनवत असे, आणि तिचा 1921 पासूनचा स्वयंचलित कारखाना दिवसाला सुमारे 10,000 चासी बाहेर टाकी. अतोनात खर्चाची यंत्रं, आणि मोठं गिऱ्हाईक जनरल मोटर्सच. अडवणुकीच्या तर्काने ही कंपनी केव्हाच गिळली जायला हवी होती. ती स्वतंत्रच होती आणि पुढे कित्येक दशकं राहिली. कोसने ते कारण बाजूला ठेवलं. रोज गिऱ्हाइकाशी व्यवहार करायचाय, नाव राखायचंय, त्या पुरवठादाराला एकदाच गळा धरून काय मिळणार, असा त्याचा हिशेब.

1978 मध्ये बेंजामिन क्लाइन, रॉबर्ट क्रॉफर्ड आणि आर्मेन अल्चियन या तिघांनी नेमकं तेच कारण पुन्हा उचललं, आणि उदाहरण दिलं फिशरचं. त्यांचं म्हणणं असं, की मागणी वाढल्यावर फिशरने सूत्राचा फायदा उठवला. मजूर जास्त आणि यंत्रं कमी ठेवली, कारण मजुरीवर 17.6 टक्के मिळत आणि भांडवलावर काहीच नाही. शिवाय जनरल मोटर्सच्या जुळणी कारखान्यांना लागून बॉडीचे कारखाने उभारायला नकार दिला. बॉडी ही वाहतुकीला फार अडचणीची वस्तू. वॅगन भरते, पण भरते ती बहुतांशी हवेने. डेट्रॉइटहून फ्लिंटला ब्युइकच्या कारखान्यात बॉड्या न्यायच्या तर शंभरेक किलोमीटर हवा वाहून न्यायची. जनरल मोटर्सच्या नाकी नऊ आले आणि तिने कंपनीच विकत घेतली.

गोष्ट इतकी घाटदार होती की वर्गात ती सांगायचा मोह कुणालाच आवरला नाही. ऑलिव्हर विल्यमसन यांनी उभारलेल्या सिद्धांताशीही ती चपखल जुळत होती. करार होईपर्यंत गिऱ्हाइकापुढे दहा पर्याय असतात. करार होऊन खास यंत्रं बसली की उरतात ते फक्त दोघे, आणि तिथून अडवणूक सुरू होते, हे त्यांचं सूत्र. त्यांनाही 2009 मध्ये नोबेल मिळालं.

नव्वदीला टेकलेला कोस मात्र कागद उकरत बसला. 2000 च्या एप्रिलमध्ये ‘जर्नल ऑफ लॉ अँड इकॉनॉमिक्स’च्या एकाच अंकात या प्रकरणावर त्याचा लेख आला, रॉबर्ट फ्रीलँड यांचा आला, आणि रामोन कासादेसुस-मासानेल व डॅनिएल स्पुल्बर या जोडीचाही. तिन्ही लेखांचा सूर एकच: अडवणुकीचा पुरावा सापडत नाही. करारानंतर फिशरने जनरल मोटर्सच्या जुळणी कारखान्यांना लागून बॉडीचे कारखाने उभारले होते. आणि 1919 पासून फिशरच्या नफ्यातले साठ टक्के जनरल मोटर्सच्याच खिशात जात होते, मग लुटलं कुणी कुणाला? भाऊ तर जनरल मोटर्सच्याच वरच्या वर्तुळात जाऊन बसले होते; लॉरेन्स फिशर 1925 पासून कॅडिलॅकचा अध्यक्ष होता. क्लाइन यांनी हार मानली नाही. फ्लिंटच्या नव्या कारखान्यावरून 1925-26 मध्ये खरोखर पेच होता, असं ते पुढेही लिहीत राहिले.

मला या वादातला सर्वांत उद्बोधक मुद्दा लाकडाचा वाटतो. फिशरच्या विसाच्या दशकातल्या बॉड्या लाकडी सांगाड्याच्या होत्या. सुतारकामाचा पटाशी-रंधा कोणत्याही गाडीच्या बॉडीला चालतो, त्यामुळे एकाच गिऱ्हाइकात अडकलेली गुंतवणूक सांगतात तेवढी मोठी नव्हती. आपल्याकडे हे हायवेलगत दिसतं. ट्रकमालक कंपनीकडून केबिनशिवायची उघडी चासी आणत आणि बॉडी गॅरेजमध्ये बांधून घेत, ती प्रथा अजूनही पुरती गेलेली नाही. वेल्डिंग, सुतारकाम आणि रंगकाम कुठल्याही ट्रकला लागू पडतं, त्यामुळे एका गॅरेजवाल्याने अडवलं तर मालक चासी चालवत पुढच्या गॅरेजला जातो. दाबलेल्या पत्र्याच्या केबिनचं तसं नाही. तिथे डाय आली. पण तिथेही कंपनी गिळण्यावाचून गत्यंतर नाही असं नाही. चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात सप्लायरच्या शेडमध्ये चालणाऱ्या कितीतरी डाय मुळात गिऱ्हाईक कंपनीच्या मालकीच्या असतात. प्रेस सप्लायरचा, डाय गिऱ्हाइकाची. बिनसलं तर डाय उचलून दुसऱ्याकडे न्यायची.

मग 1926 मध्ये जनरल मोटर्सने उरलेला हिस्सा घेतला तरी कशाला? कारखान्यांच्या जागा आणि उत्पादनाचं वेळापत्रक एका हाती आणायची गरज होती, हे सगळेच मानतात. दरवर्षी मॉडेल बदलायचं तर बॉडी आणि चासी यांची रोज नव्याने सांगड घालावी लागते, आणि ती कलमांत लिहिता येत नाही. फ्रीलँड यांनी आणखी एक कारण पुढे आणलं, आणि मला तेच जास्त पटतं: भाऊ निघून जातील ही भीती. विश्वस्तांची मुदत 1924 मध्ये संपत होती. भावांनी हात काढून घेतला असता तर उरले असते शेड आणि लाकूड. म्हणजे कंपनी विकत घेतली ती माणसांना धरून ठेवायला. आणि एकदा आत आल्यावर हीच माणसं मालकाला जास्त अडवू शकत होती, कारण बाहेरच्या पुरवठादाराला दाखवता येणारा दुसऱ्या पुरवठादाराचा धाक त्यांना दाखवता येत नव्हता.

भावांच्या बाबतीत हे तंट्यावर गेलं नाही. ते गेलं खालच्या माणसांपाशी. विलीनीकरणाच्या सुमारास फ्लिंटमधला एक तयार कारखाना ताब्यात घेऊन तिथे ब्युइकच्या बॉड्या सुरू झाल्या होत्या. तोच फिशर बॉडी क्रमांक एक. 30 डिसेंबर 1936 च्या रात्री तिथल्या कामगारांच्या लक्षात आलं, की डाय रेल्वेच्या वॅगनवर चढवल्या जात आहेत. युनियन कच्ची असेल अशा दुसऱ्या गावी काम हलवायचा बेत होता. मालकीच्या दृष्टीने त्यात गैर काहीच नव्हतं: डाय कंपनीची, शेड कंपनीची, काम कुठे करायचं हे ठरवायचा हक्क कंपनीचा. कामगार आत शिरले, यंत्रांशेजारी बसले आणि बाहेर पडेनात. जनरल मोटर्सच्या कितीतरी मॉडेलच्या डाय असलेले कारखाने मोजकेच होते आणि त्यांतला हा एक, त्यामुळे ठिकठिकाणच्या जुळणीच्या रांगा बॉडीअभावी थांबत गेल्या.

हा बैठा संप 44 दिवस चालला. ‘सांगेन ते काम’ या मोकळ्या सोडलेल्या जागेची मर्यादा कुठवर, हे आता वाटाघाटीत ठरणार होतं. 11 फेब्रुवारी 1937 रोजी जनरल मोटर्सने युनायटेड ऑटो वर्कर्स या संघटनेला मान्यता दिली, आणि संप झालेल्या कारखान्यांत सहा महिने दुसऱ्या कुणाशी बोलणी करणार नाही असं लिहून दिलं. पगार, कामाचा वेग, तक्रारी यांचा निवाडा त्या कागदात फारसा नव्हता. त्यावर पुढे बसून बोलायचं, एवढंच ठरलं होतं.